मामा, डिलिव्हरीच्या वेळी टायरचं काय काय बघू?

प्रिय मामा,

आईने फोनवर सांगितलंच असेल, गाडी बुक केली. चवथीच्या आधी घरी यायला हवी असं आजीचं म्हणणं आहे आणि शोरूमवाले म्हणतात शनिवारी म्हापशाला येऊन गाडी बघून घ्या, सोमवारी डिलिव्हरी देतो. रंग कुठला, सीटकव्हर कुठलं यावर घरात सगळ्यांनी आपापलं मत दिलंय, टायरबद्दल मात्र एकजण बोलत नाही, आणि मला तर रोज डिचोलीहून वेर्ण्याला जायचंय तेही या पावसात, वर अधूनमधून चोर्ल्याच्या घाटाने बेळगावला. म्हणून तुलाच विचारते.

मी थोडं वाचलंय. ब्रोशरमध्ये साइज १८५/६५ आर१५ ८८एच दिलाय. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, उंची तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंची, ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलोपर्यंत वजन आणि एच म्हणजे ताशी २१० पर्यंतचा वेग, एवढं समजलं. चारही टायरवर हेच आकडे, कंपनी एकच आणि नक्षी एकच हवी ना? ऑफिसातल्या एका मैत्रिणीला नवीन गाडीत तीन टायर एका कंपनीचे आणि चौथा दुसऱ्याच कंपनीचा मिळाला, घरी आल्यावर लक्षात आलं, मग शोरूमचं उत्तर काय तर तुम्ही सही केलीय. मला ती वेळच येऊ द्यायची नाही.

तारखेचं मात्र नीट समजून सांग. डीओटीच्या पुढे शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन साल, म्हणजे १४२५ असेल तर २०२५ चा चौदावा आठवडा, एप्रिलची सुरुवात. परवा बाबांच्या गाडीवर शोधून बघितलं, चिखल पुसून मोबाइलची बॅटरी मारली, एका टायरवर लगेच दिसलं, दुसऱ्यावर बाहेरच्या बाजूला नुसता अर्धाच नंबर, ते चार आकडे नाहीतच, ते आतल्या बाजूला होते आणि त्यासाठी गाडीखाली डोकं घालावं लागलं. शोरूममध्ये गाडी लिफ्टवर घ्यायला सांगितली तर चालतं का? आणि गाडी बनली त्याच्या किती आधीचा टायर चालेल? दोन-तीन महिन्यांचा फरक असणारच हे समजतं, पण वर्षभर जुना निघाला तर बदलून मागायचा हक्क आहे का, की उगाच वाद होईल? सही करण्याआधी हे मला पक्कं माहीत हवंय.

स्टेपनीचं विचारायचं राहिलंच. चारही चाकं अलॉयची आणि स्टेपनी लोखंडी रिमवर १६५/८० आर१४, असं सेल्समनने सांगितलं. मी गणित करून बघितलं, मोठ्या चाकाची एकूण उंची साधारण ६२१ मिलिमीटर येते आणि स्टेपनीची ६२०, म्हणजे जवळजवळ सारखीच, म्हणून देत असावेत. पण रुंदी कमी, मग घाटात पंक्चर झालं तर ती लावून किती लांब जायचं, आणि पुढच्या चाकाला लावलेली चालते का? तिच्यातली हवा आणि तारीखपण बघते. जॅक, पाना, टो हुक तिथेच उघडून बघणार.

हवेचं असं, ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या खांबावर स्टिकर असतो, तेवढी हवा थंड टायरला ठेवायची. पण यार्डात गाडी खूप दिवस उभी असते म्हणून हवा जास्त भरून ठेवतात आणि कमी करायची राहून जाते असं ऐकलं, खरं आहे का? नायट्रोजन भरायचे वेगळे पैसे सांगितलेत, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, मग मला ते नको वाटतं, तुझं मत काय?

शिवाय बाजूला फुगवटा, चिरा, रिमवर ओरखडे, व्हॉल्वची टोपी, आणि टायरवर बाण असेल तर चाक त्याच दिशेने फिरतं की नाही, हे बघते. टायरची वॉरंटी टायर कंपनीची असते ना, मग पाचही टायरचे नंबर मी कुठे लिहून घेऊ की फोटो पुरे?

फोंड्याहून एवढ्या लांब ये असं म्हणत नाही, गणपतीच्या आधी गॅरेजमध्ये किती काम असतं ते मला माहीत आहे. फक्त शनिवारी सकाळी दहा ते अकरा फोन जवळ ठेव, टायरचे फोटो एकेक करून पाठवते, तू हो म्हणालास की मगच पुढे जाते. आणि तुझ्या मते यातलं एखादं कारण असं असेल की गाडी सरळ नाकारावी, तर ते शुक्रवारपर्यंत कळव, म्हणजे मी बाबांना आधीच सांगून ठेवीन.

मामीला नमस्कार सांग.

तुझी,
श्रुती