सात रिकामे दिवस आणि तुझ्यासाठी काही प्रश्न

सुजय,

पोचलास ना नीट? तू गाडीत बसल्यापासून मी हे मनातल्या मनात लिहितेय. आता घरात सगळे झोपलेत, म्हणून टाईप करायला बसले. लांबलचक होणार आहे. ऑफिसात उघडू नकोस. रात्री जेवण झाल्यावर गॅलरीत खुर्ची टाकून वाच.

पहिल्या भेटीत मोठ्यांनी विचारायचं ते सगळं विचारून झालं. पगार, फ्लॅटचा हप्ता, पत्रिका, मांसाहार चालतो का, लग्नानंतर नोकरी कुठे. आज रंकाळ्यावर मात्र तू काही न बोलता भेळेतले खारे शेंगदाणे वेचून माझ्या बाजूला सरकवलेस. मला ते आवडतात हे मी तुला सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून वाटतंय, या माणसाला खरे प्रश्न अजून कुणी विचारलेलेच नाहीत.

म्हणून एक कल्पना कर. तुला एक अख्खा आठवडा मिळालाय, सोमवार ते रविवार. रजा मंजूर आहे, घरी सगळे ठणठणीत आहेत, हप्ता भरलेला आहे, फोन कपाटात आहे. सोमवारी सकाळी तू किती वाजता उठतोस? मी गजर न लावता उठीन, बहुतेक साडेसहालाच, आणि चहा घेऊन पायरीवर बसून राहीन. तू तेव्हा झोपलेला असशील की चहा तूच टाकलेला असेल? आलं ठेचून की किसून? हसू नकोस. एखाद्याला चहा करून देताना माणूस किती घाई करतो, यावर माझं बारीक लक्ष असतं.

आता पैशांचं. माझा दिवस बँकेत कर्जाच्या अर्जांमध्ये जातो. अर्जावर कर्जाचं कारण लिहायचा रकाना असतो. घरदुरुस्ती, ट्रॅक्टर, मुलीचं लग्न, ऑपरेशन. स्वतःच्या आनंदासाठी म्हणून कुणी काही मागितलेलं मला आठवत नाही. गेल्या वर्षी मात्र एक निवृत्त शिक्षिका मुदतठेव मोडायला आल्या. कशासाठी, विचारलं तर म्हणाल्या, "भूगोलात तीस वर्षं कन्याकुमारी शिकवली, आता बघून येते." मी फॉर्म भरून दिला आणि त्या दिवशी मला जेवताना त्याच आठवत होत्या. तर सांग, या आठवड्यासाठी आपल्याकडे वीस हजार आहेत, दोघांत मिळून. कशावर खर्च करायचा आणि कशावर अजिबात नाही? मी राहायची जागा साधी चालवून घेईन, एसटीने फिरेन, पण जिथे जाऊ तिथलं जेवण मात्र मनासारखं हवं. तू कुठे हात आखडता घेशील? आणि कुठे माझ्याकडे बघून म्हणशील, "असू दे गं, घे"?

खिडकीचा प्रश्न जपून सोडव. रात्रीची गाडी आहे, पहाटे उजाडणार आहे. खिडकी कुणाची? "तुझी" एवढंच लिहून सुटू नकोस, ते सगळेच लिहितात. मला पुढचं हवंय. मी खिडकीत बसले तर तू बाहेर बघशील की...? उरलेलं वाक्य तू पूर्ण कर.

आता जरा अवघड. फेब्रुवारी-मार्चमध्ये कधीतरी आपण वेळासला गेलो आहोत. मंडणगड तालुक्यातलं गाव, ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते. अंधारात उठून किनाऱ्यावर जायचं, टोपली उचलली की कळतं रात्रीत पिल्लं वर आलीत की नाही. कधी वीस येतात, कधी एकही नाही. समज, आपण दोन दिवस थांबलो आणि दोन्ही सकाळी टोपली रिकामी निघाली. तू काय करशील? चिडशील, तिसरा दिवस मागशील, की वाळूत बसून म्हणशील, सूर्योदय तर झाला ना? यातलं कुठलंही उत्तर वाईट नाही. मला फक्त, हवं ते मिळालं नाही त्या सकाळी तू कसा दिसतोस, ते आधी माहीत करून घ्यायचंय. मी स्वतः तिसरा दिवस मागीन. आणि तू थांबलास, तर तुझ्या जाकिटाची एक बाहीही मागीन. पहाटे किनाऱ्यावर गार वारा असतो.

देव मानतोस का, हे आमच्या काकूंनी तुला विचारलंच. तू "हो, म्हणजे, तसं" म्हणालास आणि मला ते प्रामाणिक वाटलं. मी वेगळं विचारते. समज, आपला आठवडा पावसाळ्यातला आहे आणि माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघालीय. दिवेघाट चढायचा, तीस-एक किलोमीटर, पाऊस कोसळतोय. येशील चालायला? आणि चाललास तर कुणाशेजारून? टाळ वाजवणाऱ्यांच्या मागून, पाणी वाटणाऱ्यांबरोबर, की डोक्यावर तुळस घेतलेल्या एखाद्या आजींच्या पावलाला पाऊल लावून? माझी आजी चालायची. तिच्या पायांना मी तेल लावून द्यायचे. जो माणूस या प्रश्नावर थोडा थांबेल, त्याचं उत्तर काहीही असलं तरी मला चालेल.

आणि सातातले दोन दिवस घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला बरोबर न्यायचं झालं, तर कुणाला नेशील? तुझ्या आईने आयुष्यात काय बघायचं राहून गेलंय, हे तुला माहीत आहे का? नसेल तर मला उत्तर लिहायच्या आधी त्यांना विचार. माझ्या बाबांना अजिंठ्याला जायचंय. पहिल्या लेण्यातलं पद्मपाणीचं चित्र त्यांनी कॅलेंडरवर पाहिलं, ते पान अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. तू त्यांच्याबरोबर जिने चढशील, हे मी गृहीत धरत नाही. पण चढताना तुला बघायला आवडेल मला.

आता स्वप्नातली सहल. तुला माहीत आहे, मी दर रविवारी सकाळी मोडी शिकायला जाते. तू विचारलंस "कशासाठी?" आणि मी "आवड म्हणून" म्हणाले. ते अर्धंच उत्तर होतं. मला तंजावरला जायचंय. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तिथे गेले आणि त्यांच्या घराण्याने तिथे पिढ्यान्‌पिढ्या राज्य केलं. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे ढीग आहेत. बृहदीश्वराच्या देवळात, चोळांनी हजार वर्षांपूर्वी बांधलेल्या भिंतीवर, भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, सरफोजीराजांच्या काळातला, १८०३चा. इतक्या दूर, तमिळ बोलणाऱ्या गावात, दगडावर आपली भाषा! मला त्या भिंतीसमोर उभं राहून पहिली ओळ स्वतः वाचायचीय, कुणी वाचून न दाखवता. मिरजेहून रात्रभर बेंगळुरू, तिथून पुढची गाडी. मनात मी हा प्रवास इतक्या वेळा केलाय की तिथली फिल्टर कॉफी मला चवीने ओळखता येईल असं वाटतं.

तर तुझं तंजावर कुठलं? फोटोसाठीचं ठिकाण सांगू नकोस. आठवीत असताना नकाशावर ज्यावर बोट ठेवलं होतंस, ते सांग. परदेश असला तरी चालेल, शेजारचा तालुका असला तरी चालेल. तिथे पोचल्यावर पहिला तास तू काय करशील? आणि मी तिथे असावी का? "हो" म्हणणार असशील तर कुठे, शेजारी की चार पावलं मागे, की तू एकटा बघून आल्यावर संध्याकाळी सगळं ऐकायला? मला तिन्ही जागा मान्य आहेत. तू कुठली देतोस ते बघायचंय.

याचीच उलटी बाजू. तंजावरात मी एक पूर्ण दिवस त्या ग्रंथालयात बसणार. तिथे तुला कंटाळा येईल, त्यात काही गैर नाही. तो दिवस तू कसा घालवशील? मला वाटतं जोडीने फिरणाऱ्यांनी एक दिवस वेगवेगळं फिरावं आणि रात्री जेवताना एकमेकांना सांगावं. माझ्या मैत्रिणींना हे पटत नाही. तुला पटलं तर मला खूप बरं वाटेल. मात्र परत येताना माझ्यासाठी एक वस्तू आणायची, पन्नास रुपयांच्या आतली. काय आणशील?

बुधवारी फोन वाजला तर? कपाटातला नाही, लॉजच्या मालकाचा. तुझ्या ऑफिसचा निरोप आहे, काम अडलंय, चार दिवस आधी परत यावं लागेल. जाशील? मी बँकेच्या फोनवर परत जाणार नाही, घरच्या फोनवर लगेच निघेन. तुझी रेघ कुठे आहे? नेमकी सांग, कारण या एका उत्तरावर मी खरोखर विचार करणार आहे.

आणि शेवटचा रविवार. परतीच्या वाटेवर, डबा रिकामा होत आलाय, मी बहुधा तुझ्या खांद्यावर झोपलेय. तू मला उठवशील का? कुठल्या गोष्टीसाठी?

सगळ्यांची उत्तरं एकदम नकोत. रोज एक पाठव, मी रात्री वाट बघीन. आणि तूही मला विचार, याहून अवघड असेल तर आणखी चांगलं.

एक प्रश्न मात्र कल्पनेतला नाही. कास पठारावर सध्या फुलं आहेत. तेरडा आणि सीतेची आसवं आहेत असं शाखेतली एक जण सांगत होती. कोल्हापूर आणि पुण्याच्या जवळजवळ मध्यावर सातारा आहे, म्हणजे कुणी कुणाच्या गावाला जायचा प्रश्न नाही. येत्या शनिवारी, सकाळी नऊ, सातारा एसटी स्टँड. प्रवेशाचं बुकिंग ऑनलाइन करावं लागतं, ते मी दोघांचं करते, तू फक्त हो म्हण. येताना छत्री एकच आण. घरी मी सांगितलंय, आईने कंदी पेढे आणायला सांगितलेत.

तिथे टोपली कारवी असते, सात वर्षांनी एकदा फुलणारी. पुढच्या वेळी ती फुलेल तेव्हा तू कुठे असशील, हे मी तुला पठारावर विचारणार आहे. विचार करून ये.

मृण्मयी