रूम नंबर १२ : कपडे धुण्याबद्दल

मुलींनो, हा कागद कपाटाच्या दाराला आतून लावते आहे. कृपया फाडू नका, आणि त्यावर टिकल्याही चिकटवू नका.

मशीनवर आपला नंबर बुधवारी आणि रविवारी, संध्याकाळी सात ते नऊ. दोन तासांत चौघींचे वेगवेगळे घाणे निघणार नाहीत. म्हणून एकत्रच धुवायचं, पण वाटेल ते वाटेल त्यात कोंबायचं नाही. गेल्या रविवारी मरून ओढणीने श्रुतीचा लॅबचा ॲप्रन गुलाबी केला. ओढणी कोणाची होती ते सगळ्यांना माहीत आहे, नाव लिहीत नाही.

तर, बुधवारी पांढरे आणि फिके, रविवारी गडद. जीन्स, काळे, मरून, गडद हिरवे, सगळे रविवारी. नवा कपडा, विशेषतः सुती कुर्ता, बांधणी किंवा इंडिगो, आधी दोन-तीनदा बादलीत एकटाच धुवायचा. रंग जातो की नाही हे बघायला आतली शिवण ओली करून त्यावर पांढरा रुमाल दाबायचा. रुमालाला रंग लागला तर तो कपडा मशीनमध्ये यायचा नाही, मग कितीही घाई असो. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं प्रत्येकीची आई सांगते, माझीही सांगते. त्या भरवशावर दुसरीचा पांढरा कुर्ता पणाला लावू नका. आणि चुकून रंग लागलाच तर कपडा वाळू द्यायचा नाही, इस्त्री तर मुळीच नाही. तसाच ओला ठेवून, साबण घालून गार पाण्यात परत धुवायचा. ताजा डाग बऱ्याचदा निघतो, इस्त्री फिरली की बसलाच.

कपडे टाकताना खिसे तपासा. टिश्यू पेपर राहिला की त्याचे कण चौघींच्या काळ्या लेगिंग्जवर बसतात, आणि ते वेचत कोण बसणार? पावडर एक मोठा चमचा पुरे. फेस जास्त म्हणजे कपडे स्वच्छ असं काही नसतं, उलट विसळायला दुप्पट पाणी लागतं आणि टाकी आपल्याच मजल्याची रिकामी होते.

नाजूक कपड्यांचं सांगते. ब्रा मशीनमध्ये टाकायचीच असेल तर हुक लावून, जाळीच्या पिशवीत. मोकळी टाकली की हुक कोणाच्या तरी जॉर्जेटमध्ये अडकतो. जरी, आरसेकाम, रेशीम, लोकर हे सगळं हाताने, गार पाण्यात, शाम्पूचे दोन थेंब घालून. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. रेशमाला आणि लोकरीला ब्लीच कधीच नाही. निकर्स ज्याच्या त्याने रोज अंघोळीच्या वेळी धुवायच्या, त्या घाण्यात नकोत. रक्ताचा डाग गार पाण्यातच. गरम पाण्याने तो पक्का बसतो.

आता वाळवणं, खरी भांडणं इथेच होतात. पावसाळा आहे, गॅलरीतली दोरी चौघींना पुरत नाही. ड्रायरमध्ये कपडे दोनदा फिरवा, पण भार गोल सारखा लावा आणि वरची प्लॅस्टिकची चकती बसवा, नाहीतर मशीन नाचत नाचत जिन्यापर्यंत जातं. बाहेर काढले की झटकून लगेच वाळत घाला. बादलीत रात्रभर राहिलेल्या ओल्या कपड्यांना जो कुबट वास येतो, तो मग अत्तराने जात नाही, परत धुवावे लागतात. दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा. रंगीत कपडे उलटे करून घाला, ऊन पडलंच तर रंग उडणार नाही. स्वेटर दोरीवर लटकवायचा नाही, लांब होतो. मयूरीच्या खाटेखालच्या ट्रंकवर टॉवेल पसरून त्यावर आडवा ठेवायचा. तिने परवानगी दिली आहे.

आणि हो, आतले कपडे ओढणीखाली लपवून वाळवणं आता बंद. झाकलेले कपडे धड वाळत नाहीत, आणि तसेच दमट घातले की खाज, बुरशी सगळं होतं. वॉर्डनबाईंना रस्त्याकडच्या दोरीवर ते दिसलेले चालत नाहीत, म्हणून बाथरूमच्या बाजूच्या खिडकीत एक नवी दोरी बांधली आहे. ती फक्त त्यासाठी. तिथे उघड्यावर वाळवा, खोलीत आपणच आहोत.

दुसरीचे कपडे वाळले असतील आणि जागा हवी असेल तर काढा, पण घडी करून तिच्या खाटेवर ठेवा. खुर्चीवर गोळा करून टाकलेला ढीग कोणाचाच नसतो.

शनिवारी तुळशीबागेत जाते आहे. जाळीच्या पिशव्या चार आणि चिमट्यांचं एक पाकीट आणते, पैसे चौघींत वाटून घेऊ. कोणाला अजून काही हवं असेल तर शुक्रवारी रात्रीपर्यंत सांगा.

– अन्वी