माझाही

मंडळी, दोन मिनिटं तुमचं लक्ष हवं आहे. माझ्या हातात एक कार्ड आहे. ओमा आणि ओपांचं, म्हणजे आईच्या आईवडिलांचं. ओमा बाण्णव वर्षांची आहे, ओपा तिच्याहून मोठे. इतका लांबचा विमानप्रवास आता त्यांना झेपत नाही. म्हणून आठवड्यापूर्वी जर्मनीहून हे कार्ड आलं. नऊ ओळी, ओमाच्या हातच्या.

आईनं ते एका दमात वाचून दाखवलं असतं. मीच नको म्हटलं. लहानपणापासून ओमा-ओपांचं बोलणं माझ्यापर्यंत आईच्या तोंडून येत गेलं. लग्नाचा आशीर्वाद तरी मला थेट हवा होता, माझं जर्मन कितीही मोडकं असलं तरी.

पहिले दोन दिवस मी एकाच शब्दावर अडून राहिलो. त्यातल्या ‘उ’वर एक छोटी कमान होती. मी ती त्यांच्या दोन टिंबांच्या ‘उ’ची खूण समजलो आणि शब्दकोशात शोधत बसलो. तसा शब्दच नव्हता. शेवटी आईला ते एक अक्षर दाखवलं. ओमा १९३९ साली शाळेत गेली. तेव्हा तिथल्या मुलांना जुनं वळण शिकवत. त्या वळणात ‘उ’ आणि ‘न’ इतके सारखे दिसत, की ओळखू यावं म्हणून ‘उ’वर कमान काढायची. १९४१ मध्ये ते वळण शाळांतून गेलं, ओमाही नवं वळण शिकली, पण कमान तिच्या हातात राहिली. तो शब्द होता ‘मूट’. धैर्य.

मग हळूहळू बाकीचं उलगडलं. मुक्ता, हे तुझ्यासाठी सांगतो. ओमा मला नेहमी ‘डू’ म्हणते, म्हणजे ‘तू’. या कार्डात ‘डू’ एकदाही नाही. सगळीकडे ‘ऑइश’ आहे. जवळच्या माणसांशी, एकाहून अधिक जणांशी बोलताना तो शब्द येतो. आपल्या ‘तुम्हांला’मध्ये आदर आहे की अनेकवचन, ते कळत नाही, म्हणून मी प्रत्येक ठिकाणी ‘तुम्हां दोघांना’ असं लिहिलं. आणि मायन्यात तिनं ‘नातू आणि नातसून’ असं केलेलं नाही. एकच शब्द आहे, नातवंडं. तुला ती अजून प्रत्यक्ष भेटलेली नाही, तरी तू तिचं नातवंड झालीस.

आता वाचतो.

‘लाडक्या नातवंडांनो, आम्ही तिथं नाही, पण स्वयंपाकघरातलं घड्याळ आम्ही तुमच्या वेळेला लावून ठेवलं आहे. मोठ्या दिवसांची आम्हांला काळजी नाही. त्या दिवशी सगळे मदतीला असतात. आम्ही तुम्हां दोघांसाठी चांगले रोजचे दिवस मागतो. त्यासाठी धैर्य लागतं, ते तुम्हां दोघांना मिळो. एकाचं बोलणं पुरतं संपेपर्यंत दुसऱ्यानं थांबावं. आम्हांला हे जमायला चाळीस वर्षं लागली, तुम्हां दोघांना लवकर जमो. तुम्हां दोघांवर आमचा फार जीव आहे.’

‘रोजचे दिवस’ हे मी ज्याचं केलं, तो शब्द ‘आल्टाग’. सण नाही, सुट्टी नाही, काही विशेष नाही असा दिवस. त्यासाठी कुणी आशीर्वाद मागतं हे मला माहीत नव्हतं. मी आधी तिथं ‘संसार’ लिहिलं होतं. ते खोडलं. संसार शब्द मोठा आहे, ओमाला मंगळवार म्हणायचा आहे.

शेवटच्या ओळीवरही बराच वेळ गेला. जर्मनमध्ये प्रेमासाठी एक मोठं क्रियापद आहे. ओमानं ते घेतलेलं नाही, घरच्या माणसांसाठी असतं ते साधं, मऊ बोलणं घेतलं आहे. आपल्याकडे त्याला ‘जीव असणं’ म्हणतात. याहून जवळचं मला काही सापडलं नाही.

कार्ड इथं संपलं असं मला वाटलं होतं. पण अगदी खाली, कोपऱ्यात, दोन शब्द आहेत. अक्षर वेगळं, रेघ थरथरलेली. ओपांचा हात आता पेन नीट धरत नाही, ते फोनवरही फारसं बोलत नाहीत. ‘इश आउख.’ शब्दशः ‘मी पण’. पण आपल्या वाक्याखाली ‘मी पण’ बसेना. आमचा जीव आहे, असं ओमानं दोघांच्या वतीनं लिहिलं होतंच. तरी त्यांना ते स्वतःच्या हातानं लिहायचं होतं. म्हणून मी लिहिलं, ‘माझाही’.

मुक्ता, थांबून ऐकण्याचं मी आजपासून मनावर घेतो. चाळीस वर्षं लावणार नाही.

मंडळी, ग्लास हातात घ्या. आई, तूही. तिकडे घड्याळ लावून बसलेल्या ओमासाठी, ओपांच्या त्या दोन शब्दांसाठी, आणि आमच्या येणाऱ्या सगळ्या मंगळवारांसाठी.