थोरियम–२३२ ते शिसे–२०८ : प्रयोगशाळेच्या भिंतीवरील क्षयशृंखलेची आकृती आणि तिचे वाचन

(रत्नागिरी परिसरातील एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत, इयत्ता बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आकृतीशेजारी लावलेला मजकूर)

ही आकृती एका चौकटीच्या जाळीवर काढली आहे. डावीकडून उजवीकडे अणुअंक Z वाढत जातो आणि वरून खाली अणुवस्तुमानांक A चार-चारने कमी होतो. प्रत्येक उभा स्तंभ एका मूलद्रव्याचा आहे, त्यामुळे एकाच स्तंभात खाली-वर दिसणारी केंद्रके ही एकमेकांची समस्थानिके आहेत. आकृतीतील अंक आणि चिन्हे पाठ्यपुस्तकातील रूढीप्रमाणे रोमन लिपीत ठेवली आहेत.

```
A\Z   81  82  83  84  85  86  87  88  89  90
232                                       Th
228                               Ra  Ac  Th
224                               Ra
220                       Rn
216               Po
212       Pb  Bi  Po
208   Tl  Pb
```

या जाळीवर चालण्याच्या रीती दोनच आहेत. अल्फा कण म्हणजे हेलियमचे केंद्रक, त्यात दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन असतात. तो बाहेर पडला की A चारने आणि Z दोनने घटतो, म्हणून आपण एक ओळ खाली आणि दोन स्तंभ डावीकडे जातो. बीटा क्षयात केंद्रकातील एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन आणि एक प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतो. केंद्रकातील कणांची एकूण संख्या तेवढीच राहते, म्हणून आपण त्याच ओळीत एक स्तंभ उजवीकडे सरकतो. आपल्या गावातील जांभ्याची पाखाडी डोळ्यांसमोर आणावी: अल्फा ही उतरण्याची पायरी आहे आणि बीटा ही त्याच पायरीवरची वाट.

पहिल्या दोन पावलांची समीकरणे अशी आहेत.

```
232/90 Th → 228/88 Ra + 4/2 He
228/88 Ra → 228/89 Ac + e⁻ + ν̄
```

दुसऱ्या समीकरणातील इलेक्ट्रॉन अणूभोवतीच्या कवचांतून निघालेला नसतो. वर्गात दरवर्षी हाच गोंधळ सर्वाधिक होतो, म्हणून येथे मुद्दाम लिहिले आहे: तो इलेक्ट्रॉन क्षयाच्या क्षणी केंद्रकात निर्माण होतो आणि त्याचा ऋण प्रभार भरून काढण्यासाठीच केंद्रकाचा Z एकने वाढतो. डाव्या बाजूचे ८८ आणि उजव्या बाजूचे ८९ वजा १ यांचा मेळ स्वतः घालून पाहावा.

बीटाची पावले मधूनच का येतात, हे जाळीकडे नीट पाहिल्यावर कळते. थोरियम–२३२ मध्ये १४२ न्यूट्रॉन आणि ९० प्रोटॉन आहेत, म्हणजे प्रत्येक प्रोटॉनमागे १.५८ न्यूट्रॉन. अल्फा कण दोन्हींचे दोन-दोन कण नेतो आणि रेडियम–२२८ मध्ये हे गुणोत्तर १.५९ होते. जड केंद्रकातून समसमान कण काढले की न्यूट्रॉनांचे आधिक्य वाढते आणि ते कमी करण्याचा केंद्रकाजवळचा मार्ग बीटा क्षय हा आहे. रेडियम–२२८ लागोपाठ दोन बीटा क्षय करून ॲक्टिनियममार्गे थोरियम–२२८ पर्यंत पोहोचते तेव्हा हेच गुणोत्तर १.५३ वर येते. येथे आपण पुन्हा थोरियमच्याच स्तंभात आलो आहोत, पण एक ओळ खाली. एक अल्फा आणि दोन बीटा यांमुळे मूलद्रव्य तेच राहते आणि वस्तुमानांक मात्र चारने घटतो. १९१३ साली फ्रेडरिक सॉडी यांनी समस्थानिकांची कल्पना मांडली, तिच्यामागे अशाच जोड्या होत्या, ज्या रासायनिक रीतीने वेगळ्या करता येत नव्हत्या.

थोरियम–२२८ पासून पोलोनियम–२१६ नंतरच्या शिसे–२१२ पर्यंत सलग चार अल्फा क्षय आहेत. त्यांतील एक टप्पा, रेडॉन–२२०, हा वायू आहे आणि त्याचा अर्धायुकाल सुमारे ५६ सेकंद आहे. १९०० च्या सुमारास रदरफोर्ड यांनी थोरियमपासून निघणाऱ्या याच वायूचे निरीक्षण केले होते.

शिसे–२१२ एका बीटा क्षयाने बिस्मथ–२१२ मध्ये जाते. तेथे वाट फुटते आणि आकृतीचा सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. सुमारे ६४ टक्के केंद्रके बीटा क्षयाने पोलोनियम–२१२ मध्ये जातात आणि तेथून अल्फा क्षयाने शिसे–२०८ मध्ये उतरतात. उरलेली सुमारे ३६ टक्के आधी अल्फा क्षयाने थॅलियम–२०८ मध्ये उतरतात आणि मग बीटा क्षयाने शिसे–२०८ मध्ये येतात. दोन्ही वाटांवर एकच अल्फा आणि एकच बीटा आहे, फक्त क्रम उलटा आहे. म्हणून दोन्ही वाटा त्याच चौकटीत मिळतात. थॅलियमच्या वाटेवर २.६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे तीव्र गॅमा किरण निघतात, परंतु गॅमाने A किंवा Z काहीच बदलत नाही, त्यामुळे जाळीवर त्याचे पाऊल पडत नाही.

संपूर्ण शृंखला न पाहता केवळ दोन टोकांवरून पावले मोजता येतात, आणि परीक्षेत हाच प्रश्न वारंवार येतो. A मधील घट २३२ – २०८ = २४ आहे. A फक्त अल्फामुळे बदलतो, म्हणून अल्फा ६. सहा अल्फांनी Z १२ ने घटून ७८ व्हायला हवा होता, पण शेवटी तो ८२ आहे. चारची ही भर बीटांची, म्हणून बीटा ४. आधी अल्फा मोजावेत आणि मगच बीटा, कारण Z वर दोघांचाही परिणाम होतो.

काळाचा अक्ष या आकृतीत नाही आणि ही तिची मर्यादा आहे. सर्व चौकटी सारख्या आकाराच्या असल्या, तरी थोरियम–२३२ चा अर्धायुकाल सुमारे १,४०० कोटी वर्षे आहे आणि पोलोनियम–२१२ चा सेकंदाच्या दहालाखाव्या भागाच्या तीन दशांशाइतका. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे धरल्यास तिच्या जन्मावेळच्या थोरियम–२३२ पैकी सुमारे चार पंचमांश भाग अजून शिल्लक आहे. रेडियम–२२८ चा अर्धायुकाल ५.७५ वर्षे, थोरियम–२२८ चा १.९ वर्षे, रेडियम–२२४ चा ३.६ दिवस आणि शिसे–२१२ चा १०.६ तास आहे.

शिसे–२०८ वर शृंखला थांबते, कारण त्यात ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन आहेत आणि केंद्रकाच्या कवचरचनेत या दोन्ही संख्या पूर्ण भरलेल्या कवचांच्या आहेत.

काळबादेवी आणि मिऱ्या येथील काळी वाळू पाहून विद्यार्थी विचारतात, की तिच्यात थोरियम आहे का. ती वाळू मुख्यतः दख्खनच्या बेसाल्टातून आलेल्या इल्मेनाइटची, म्हणजे लोह आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडची आहे. थोरियमचे महत्त्वाचे खनिज मोनाझाइट हे असून त्याचे मोठे साठे केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवर आहेत. काळ्या रंगावरून थोरियमचा निष्कर्ष काढू नये.

शेजारच्या कोऱ्या जाळीवर प्रत्येकाने युरेनियम–२३८ ते शिसे–२०६ ही शृंखला स्वतः काढावी. या जाळीच्या ओळी २३८, २३४, २३० अशा असतील. तेथे A ला चारने भागल्यास नेहमी दोन उरतात, येथे शून्य उरतो. म्हणून दोन्ही शृंखलांत एकही केंद्रक समान असू शकत नाही. उत्तर तपासताना ८ अल्फा आणि ६ बीटा मिळाले पाहिजेत.