विषय: ऑक्टोबर २०२५ ते मार्च २०२६ च्या पेस्लिपमधे चुकीची पीटी कपात, दुरुस्त स्लिप हवी आहे

सुलक्षणा मॅडम, नमस्कार

मी प्रसाद, वेर्णा प्लांटच्या स्टोअर्समधून. १ ऑक्टोबर २०२५ ला पुणे ऑफिसमधून इथे बदली झाली, ट्रान्सफर लेटर एचआरच्या फाईलला आहेच, तरी परत एकदा सोबत जोडतोय म्हणजे शोधायला नको.

झालं असं की फोंड्याला फ्लॅट घेतोय आणि होम लोनसाठी बँकेने मागच्या सहा महिन्यांच्या पेस्लिप मागितल्या. त्या दिल्या तर लोन डेस्कवरच्या बाईंनी मार्चची स्लिप बघून विचारलं की कपातीत पीएफ १,८०० आणि कँटीन ५२० एवढंच दिसतंय, त्याची बेरीज होते २,३२०, मग टोटल डिडक्शन २,५२० कसं? मला तिथे काहीच सांगता आलं नाही कारण स्लिपवर खरंच दोनच ओळी दिसतात, प्रिंट काढली तरी दोनच. घरी येऊन पीडीएफमधला मजकूर बाहेर काढला, ही कमांड वापरून:

```
pdftotext -layout payslip_mar2026.pdf
```

आणि त्यात कपातीच्या भागात हे आलं:

```
PF             1800.00
CANTEEN         520.00
PT-MH           200.00
TOTAL DED      2520.00
NET PAY       35980.00
```

म्हणजे तिसरी ओळ फाईलमधे आहे पण पानावर दिसत नाही, बहुतेक कपातीचा चौकोन लहान पडतो आणि खालची ओळ कापली जाते. मग बाकीच्या पाच स्लिपचे आकडेही तसेच काढून एका शीटमधे भरले, सगळीकडे `PT-MH` आहे, ऑक्टोबर नोव्हेंबर डिसेंबर जानेवारी मार्च प्रत्येकी २०० आणि फेब्रुवारीत ३००. एकूण १,३०० रुपये. शीट सोबत जोडली आहे, प्रत्येक महिन्याच्या पुढे त्या स्लिपच्या फाईलचं नाव लिहिलंय म्हणजे तुम्हाला ताळा करता येईल.

फेब्रुवारीचे ३०० बघितल्यावर माझी तरी खात्री पटली की ही महाराष्ट्राचीच पीटी आहे, कारण तिथेच अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० असं करून वर्षाचे २,५०० पूर्ण करतात, पुण्याला असताना माझी तशीच कापली जायची आणि ते बरोबरच होतं. सप्टेंबर २०२५ पर्यंतच्या कपातीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण गोव्यात प्रोफेशनल टॅक्स नाहीच मॅडम. शेजारी महाराष्ट्रात आहे, कर्नाटकात आहे, गोवा सरकार तो लावत नाही. मी ऑक्टोबरपासून रोज वेर्ण्याला काम करतोय, राहतो फोंड्यात, हजेरी इथल्या मशीनवर लागते, तेव्हा १ ऑक्टोबरनंतर माझ्या पगारातून पीटी जायचं काही कारण नाही.

माझा अंदाज असा आहे की बदलीच्या वेळी माझं वर्क लोकेशन वेर्णा केलं गेलं (स्लिपवर वेर्णाच छापून येतं) पण एम्प्लॉई मास्टरमधे पीटीचं राज्य वेगळं भरायचं असतं ते महाराष्ट्रच राहिलं. हे तुम्हीच बघून सांगू शकाल. पण तसं असेल तर माझ्याबरोबर त्याच वेळी पुण्याहून इथे आलेल्या बाकी लोकांचंही प्लीज तपासा, त्यांच्यातल्या कुणाला हे माहीत असायची शक्यता कमी आहे कारण ओळ दिसतच नाही, आणि २०० रुपयांचा फरक बेरीज केल्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार.

आता मला नेमकं काय हवंय ते सांगतो. सहाही महिन्यांच्या स्लिप पीटी शून्य करून परत द्याव्यात. यात एक अडचण आहे तिचा मी आधीच विचार केलाय, मार्चचं नेट ३५,९८० च्या जागी ३६,१८० होईल पण माझ्या खात्यात तर ३५,९८० च जमा झालेत, आणि बँक स्लिप आणि स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवूनच बघते. नुसती नवीन स्लिप दिली तर एक घोळ जाऊन दुसरा उभा राहील. म्हणून प्रत्येक दुरुस्त स्लिपवर खाली एक ओळ टाका की या महिन्यात चुकून कापलेली पीटी रक्कम एप्रिल २०२६ च्या पगारात परत दिली जाईल, आणि एप्रिलच्या स्लिपमधे १,३०० रुपये पीटी रिफंड म्हणून वेगळ्या ओळीत दाखवा, एरिअर्समधे किंवा इतर अलाउन्समधे मिसळू नका प्लीज, नाहीतर तो पगार वाढल्यासारखा दिसतो. सिस्टीममधे जुन्या महिन्याच्या स्लिपवर अशी ओळ टाकता येत नसेल तर कंपनीच्या लेटरहेडवर सहा महिन्यांचे आकडे लिहून सही शिक्क्याचं एक पत्र द्या, बँकेत मी विचारून आलोय, जुन्या स्लिपबरोबर ते चालेल म्हणाले.

कापलेले पैसे महाराष्ट्र सरकारकडे भरून झाले असतील हे मला कळतं. ते तिकडून परत मिळवायचे की पुढच्या भरण्यात वळते करायचे हे कंपनीच्या पीटीआरसी खात्याचं काम आहे, त्याला वेळ लागेल तेही मान्य. पण तोपर्यंत माझी रक्कम थांबवून ठेवू नका ही विनंती.

एक गोष्ट फॉर्म १६ ची. मी न्यू रेजिममधे आहे, त्यात पीटीची वजावट मिळतच नाही, म्हणजे हे १,३०० मला टॅक्समधेही कुठे धरता येणार नाहीत. फॉर्म १६ जूनमधे येईल त्याआधी आकडे दुरुस्त झालेले बरे. पीएफवर याचा काही परिणाम नाही, ते १,८०० बरोबर आहेत, पगार २१,००० च्या वर असल्याने ईएसआयचा प्रश्न नाही, टीडीएस कापला जात नाही. बाकी सगळं मी तपासलंय, एवढी एकच ओळ चुकीची आहे.

आणि स्लिपचा तो चौकोन पण दुरुस्त करायला सांगा. मला पैशांपेक्षा याचंच जास्त वाईट वाटलं. कपात चुकू शकते, पण ती कर्मचाऱ्याला दिसलीच पाहिजे, आपल्या पगारातून काय गेलं हे कळायला पीडीएफ उकलत बसायची वेळ कुणावर येऊ नये. स्टोअर्समधे बरेचसे लोक स्लिप मोबाईलवर बघतात, खालचा नेट आकडा बघितला की बंद.

वेळेचं सांगायचं तर एप्रिलच्या पगाराचं इनपुट २५ तारखेला बंद होतं, त्याआधी रिफंडची एन्ट्री व्हावी, आणि स्लिप किंवा पत्र सोमवार २० एप्रिलपर्यंत मिळालं तर फार बरं होईल. लोनची फाईल फक्त या कागदासाठी थांबली आहे, आणि यंदाची चवथ नव्या घरात करायची असं आईने ठरवून टाकलंय, त्याच्या आधी रजिस्ट्रेशन, ताबा, फर्निचर हे सगळं व्हायचंय.

काही कागद कमी असेल तर मेलवर सांगा किंवा स्टोअर्सच्या एक्स्टेन्शनवर फोन करा, मी सकाळी साडेआठ ते साडेपाच तिथेच असतो. गरज पडली तर मी लंचच्या वेळात वरती तुमच्याकडे येऊन लॅपटॉपवर फाईल उघडून दाखवतो. मेल मिळाल्याचं दोन शब्दात कळवलंत तर बँकेला तसं सांगता येईल.

सोबत: सहा मूळ पेस्लिप, आकड्यांची शीट, ट्रान्सफर लेटर, बँक स्टेटमेंटची पगार जमा झालेली पानं

प्रसाद
स्टोअर्स, वेर्णा प्लांट
१३ एप्रिल २०२६