विषय: १४ डिसेंबरच्या रात्री आरक्षित खोली देऊ न शकल्याबद्दल माफी आणि भरपाई

दि. १९ डिसेंबर २०२५

आदरणीय देशमुख मॅडम,

सप्रेम नमस्कार.

१४ डिसेंबरच्या रात्री पावणेबाराच्या सुमारास तुम्ही आईंना घेऊन आमच्या रिसेप्शनवर आलात. तीन रात्रींचे तुमचे बुकिंग कन्फर्म होते. त्यासाठी कार्डचा तपशील तुम्ही दिलेला होता, यायला उशीर होईल हेही दोन दिवस आधी ईमेलने कळवले होते. आईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यामुळे लिफ्टजवळची खोली हवी, ही तुमची विनंती आमच्याकडे नोंदलेली होती. तुमच्याकडून काहीही राहिले नव्हते. तरीही तुम्हाला खोली मिळाली नाही आणि तशा अवेळी आईंना पुन्हा गाडीत बसवून दुसऱ्या हॉटेलात जावे लागले. याबद्दल मी तुमची आणि तुमच्या आईंची मनापासून माफी मागतो.

त्या रात्री आमच्या सहकाऱ्याने तुम्हाला ‘सिस्टिममध्ये प्रॉब्लेम झाला’ असे सांगितले. ते खरे नव्हते. आयत्या वेळी रद्द होणारी बुकिंग आणि न कळवता न येणारे पाहुणे गृहीत धरून हॉटेले उपलब्ध खोल्यांपेक्षा थोडी जास्त बुकिंग घेतात. आम्हीही घेतो. त्या दिवशी आम्ही चार खोल्यांचे बुकिंग जास्त घेतले होते. त्यात दुपारी एका मजल्यावर पाण्याची लाइन फुटली आणि दोन खोल्या बंद ठेवाव्या लागल्या. लाइन फुटणे आमच्या हातात नव्हते, पण त्या दोन खोल्यांच्या आड मला लपायचे नाही. त्या चालू असत्या तरी सगळे पाहुणे आल्यावर खोल्या कमीच पडल्या असत्या. किती जास्तीचे बुकिंग घ्यायचे हा निर्णय आमचा होता, आणि त्याचा त्रास तुम्हाला झाला.

मला याहून गंभीर वाटते ती गोष्ट वेगळी आहे. खोल्या पुरणार नाहीत हे आमच्या फ्रंट ऑफिसला संध्याकाळी सहा वाजताच समजले होते. तुमचा मोबाइल नंबर समोर होता. तेव्हाच फोन केला असता, तर कुठे जायचे हे तुम्हाला प्रवासातच कळले असते, हवे तसे हॉटेल तुम्ही स्वतः निवडू शकला असता आणि आईंना लॉबीत पाऊण तास बसून राहावे लागले नसते. ‘एखादा पाहुणा येणार नाही, मग होईल सोय’ या आशेवर फोन टाळला गेला. शिवाय जे आधी येतील त्यांना खोल्या देत गेल्यामुळे, उशिरा येणार म्हणून कळवणाऱ्या पाहुण्यालाच बाहेर जावे लागले. वेळेत कळवल्याची ही शिक्षा झाली, आणि ते मला अजिबात मान्य नाही.

त्यानंतरही चुका थांबल्या नाहीत. तुम्हाला दुसरीकडे पाठवल्याची नोंद कोणी केली नाही. त्यामुळे रात्रीचा हिशेब बंद होताना तुमचे बुकिंग ‘पाहुणे आलेच नाहीत’ असे नोंदले गेले आणि नियमाप्रमाणे एका रात्रीचे भाडे तुमच्या कार्डवरून कापले गेले. सकाळी तुमचे भाऊ आईंची औषधे घेऊन आले, तेव्हा त्यांना ‘या नावाचे कोणी इथे उतरलेले नाही’ एवढेच उत्तर मिळाले. तुम्ही कुठे आहात हे आमच्याच माणसांनी ठरवलेले असताना त्यांना असे परत जावे लागले. तुमच्या भावांचीही मी माफी मागतो. त्यांना मी स्वतः फोन करायला तयार आहे, फक्त तुमची हरकत नसावी.

आता भरपाईबद्दल. चुकून कापलेले एका रात्रीचे भाडे आम्ही काल परत पाठवले आहे. बँकेच्या प्रक्रियेनुसार ते पाच ते सात कामकाजाच्या दिवसांत तुमच्या खात्यात दिसेल. दुसऱ्या हॉटेलचे पहिल्या रात्रीचे बिल आम्ही त्याच दिवशी भरले होते. अशा वेळी दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना परत बोलावण्याची पद्धत आहे, आणि तसे आम्ही तुम्हाला विचारलेही होते. पण आईंना पुन्हा हलवायचे नाही हा तुमचा निर्णय योग्यच होता. म्हणून उरलेल्या दोन रात्रींचे, तिथल्या नाश्ता-जेवणासह, पूर्ण बिल आम्ही देणार आहोत. टॅक्सीचे भाडेही आम्हीच देऊ: त्या रात्रीचे आणि तुमच्या भावांना झालेल्या जादा फेरीचेसुद्धा. टॅक्सीच्या पावत्या नसतील तर तुम्ही सांगाल ती रक्कम आम्ही मान्य करू. हॉटेलच्या बिलाचा मात्र फोटो पाठवावा, तो हिशेबासाठी लागतो.

याखेरीज, झालेल्या मनस्तापापोटी आमच्या हॉटेलातल्या दोन रात्रींच्या भाड्याइतकी रक्कम आम्ही तुम्हाला देऊ इच्छितो. ती रोख स्वरूपात, म्हणजे थेट बँक खात्यात घ्यायची, की तिच्या ऐवजी पुढच्या वर्षभरात तीन रात्रींचा मोफत मुक्काम घ्यायचा, हे तुम्ही ठरवा. मुक्काम निवडलात तर सुट्ट्या किंवा गर्दीच्या तारखांची अट नसेल आणि तो तुम्ही घरातल्या कोणालाही देऊ शकाल. अशा प्रसंगी हॉटेले बहुधा फक्त मुक्कामाचे कूपन देतात. पण ज्या हॉटेलने दारातून परत पाठवले तिथेच पुन्हा या, तरच भरपाई मिळेल, असे म्हणणे मला बरे वाटत नाही. म्हणून दोन्ही पर्याय ठेवले आहेत.

ही भरपाई स्वीकारल्याने तुमचा तक्रारीचा हक्क जात नाही. ज्या वेबसाइटवरून तुम्ही बुकिंग केले तिथे अभिप्राय लिहायचा असेल किंवा ग्राहक तक्रार करायची असेल, तर अवश्य करा. घडलेल्या प्रकाराचे लेखी स्पष्टीकरण म्हणून हे पत्र तुम्ही वापरू शकता.

जास्तीचे बुकिंग आम्ही पूर्ण बंद केले आहे, असे खोटे आश्वासन मी देणार नाही. पण त्याची मर्यादा कमी केली आहे, आणि गर्दीच्या तारखांना ते अजिबात घेतले जाणार नाही. रोज दुपारी चार वाजता येणारे पाहुणे आणि तयार खोल्या यांचा ताळा घेतला जाईल. खोल्या कमी पडत असतील तर संध्याकाळी सहाच्या आत पाहुण्यांना फोन जाईल, आणि दुसरीकडे जायला कोण राजी आहे हे आधी विचारले जाईल. वृद्ध, आजारी किंवा लहान मुलांसोबत येणाऱ्या पाहुण्यांना, तसेच लिफ्टजवळची किंवा तळमजल्यावरची खोली गरजेपोटी मागणाऱ्यांना, दुसरीकडे पाठवायचे नाही, असा लेखी आदेश मी दिला आहे. कोणाला पाठवावेच लागले, तर त्यांचा नवा पत्ता रिसेप्शनवर नोंदलेला असेल, म्हणजे भेटायला येणाऱ्यांना ‘इथे नाहीत’ असे उत्तर मिळणार नाही. त्या रात्री ड्युटीवर असलेल्या सहकाऱ्याला मी दोष देत नाही. पाहुण्यांना आधी फोन करायचा, हे आमच्या कोणत्याच नियमात लिहिलेले नव्हते, आणि ते लिहिणे माझे काम होते.

या पत्राला उत्तर म्हणून फक्त ‘रक्कम’ किंवा ‘मुक्काम’ एवढे कळवले तरी पुरे, पुढची सगळी कागदपत्रे आम्ही करू. बोलावेसे वाटले तर सोमवारी, २२ तारखेला, सकाळी अकरा ते एक मी तुमच्या फोनसाठी मोकळा आहे. नाहीतर तुम्ही सांगाल त्या वेळी मी फोन करेन.

आईंची तब्येत आता कशी आहे? त्या रात्रीच्या धावपळीमुळे गुडघ्याचे दुखणे वाढले असेल आणि डॉक्टरांना दाखवावे लागले असेल, तर तो खर्चही आम्हाला सांगा. त्यांना माझा नमस्कार सांगावा.

आपला नम्र,
कुलकर्णी
महाव्यवस्थापक