मोगरा

लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर एक छोटं देशी दुकान आहे, लॅब सुटली की मी तिथे भाजी घ्यायला जाते. त्या दिवशी कढीपत्ता घ्यायला फ्रिज उघडला आणि एकदम मोगरा! कढीपत्त्याच्या मागे प्लॅस्टिकच्या डबीत गजरे होते, कडा जरा पिवळ्या पडलेल्या, पण वास मात्र तोच, आणि मी हँडल धरून तशीच उभी.

चैत्र चालू होता आणि ते माझ्या लक्षातच नव्हतं. इथे कसं लक्षात राहणार, बाहेर अजून जॅकेट लागतंय. आमच्या दांडिया बाजारातल्या घरी तिजेला गौर बसते ती अक्षयतृतीयेपर्यंत, आणि हळदीकुंकवाच्या दिवशी बाबा ऊन चढायच्या आत खंडेराव मार्केटमधून पानात बांधलेल्या कळ्या आणतात. आजीची अट एकच, कळी मिटलेली पाहिजे. दुपारी पंखा बंद करून (वाऱ्याने कळ्या लवकर उमलतात असं तिचं ठाम मत) ती गुंफायला बसते, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा, दोन कळ्या इकडे, दोन तिकडे देठाला देठ लावून, वर दोऱ्याचा फास, की झाली गाठ. मी गाठ मारली की सैल व्हायची, मग ती काही न बोलता उसवून परत माझ्याच हातात द्यायची. संध्याकाळी बायका यायच्या, शेजारच्या गुजराती मासी पण, ओल्या हरभऱ्यांनी ओट्या भरायच्या, आणि तोवर कळ्या उमलून अख्खं घर, माठातलं पाणीसुद्धा मोगऱ्याचं व्हायचं.

"क्यांनी छो बेटा?" काउंटरवरच्या बांनी विचारलं. माझे डोळे भरलेले त्यांना दिसले असावेत.

"बरोडा. दांडिया बाजार."

त्यांनी अजून काही विचारलं नाही, डबी घेतली, कोमेजलेला गजरा बाजूला काढला आणि चांगला बघून दिला. महाग होता, तेवढ्यात माझा दोन दिवसांचा भाजीपाला आला असता, तरी घेतला.

बाहेर येऊन घरी फोन लावला. तिकडे रात्रीचे दहा वाजून गेले होते, आई म्हणाली आजी आडवी झालीय, पण मागून आवाज आलाच, "दे गं इकडे."

"आजी, हळदीकुंकू कधी आहे?"

"शुक्रवारी. यंदा बोटं वळत नाहीत गं, तुझी आई तयार गजरेच आणणारे."

मला काय बोलावं सुचेना. मग म्हटलं, "मी पण करू का इथे? रूममेट आहेत, एक तेलुगू आहे, एक नायजेरियाची."

"कर की! कैरी मिळते का तिथे?"

"मिळते."

"मग डाळ रात्रीच भिजत घाल. आणि वाटताना पाणी घालू नकोस, तू नेहमी घालतेस. भरड राहू दे. फोडणीला हिंग जास्त. आणि गजरा काय फ्रिजमधला आणलास?"

"हो."

"ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव, शुक्रवारपर्यंत नाही टिकणार पण. आजच घाल केसात."